मुंग्या येतात कुठून ते आधी बघा

मुंग्या दिसल्या की लगेच फडकं मारू नका, नवीन लोक हेच करतात आणि मग माग काढायला रांगच उरत नाही. रात्री ओटा पुसून झाला की कागदावर हरभऱ्याएवढा गूळ ठेवा, तासाभराने टॉर्च घेऊन बघा, गूळ घेऊन परत जाणाऱ्या मुंग्यांच्या मागे जायचं, येणाऱ्यांच्या नाही. बहुतेक वेळा रांग सिंकखाली जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथे, नाहीतर टाइल्सच्या सांध्यात गायब होते. तिथे पेन्सिलने खूण करा.

मग:
- रांगेची पूर्ण वाट साबणाच्या पाण्याने पुसा. मुंग्या वासाचा माग सोडतात, कोरड्या फडक्याने तो नीट जात नाही.
- भोक कोरडं झालं की व्हाइट सिमेंट भरा, पाइपभोवती सिलिकॉन बरं, सिमेंटला तडा जातो.

हळदीची रेघ एखाद दिवस चालते, मुंग्या वळसा घालून येतातच. आणि तो मुंग्यांचा खडू ओट्यावर नकोच, ते कीटकनाशक आहे, पोळ्या लाटतो आपण तिथे. दोन दिवसांनी दुसरीकडून रांग आली तर घाबरू नका, परत गूळ ठेवा आणि तेच करा.