शैक्षणिक कर्जाची रक्कम थेट महाविद्यालयाला : पत्रात काय लिहावे

प्रश्न : मला दुसऱ्या वर्षापासून एज्युकेशन लोन मंजूर झाले आहे. कॉलेजला ‘मी लोनचे हप्ते डायरेक्ट कॉलेजला भरणार आहे, अकाउंट डिटेल्स पाठवा’ असा मेल करायचा आहे. बँकेची आणि माझी माहिती घालून नीट लिहून द्याल का?

उत्तर : सर्वप्रथम ‘हप्ते’ हा शब्द काढून टाका. कर्जाचा हप्ता म्हटला की कर्जदार बँकेला करतो ती परतफेड डोळ्यांसमोर येते, तर महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘हप्ते’ म्हणजे शुल्क तुकड्यातुकड्यांनी भरण्याची सवलत. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लेखा विभागात काही वर्षे काम केले आहे. असा मेल आला की आम्ही तो सवलतीचा अर्ज समजून प्राचार्यांकडे पाठवत असू आणि तो तिथे सहीच्या प्रतीक्षेत पडून राही. तुम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की मंजूर कर्जातून दर वर्षीचे शुल्क बँक स्वतः महाविद्यालयाच्या खात्यात जमा करणार आहे.

दुसरे असे की, मेलमध्ये आलेल्या नुसत्या खाते क्रमांकावर बँक सहसा रक्कम सोडत नाही. तिला महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी दिलेले शुल्काचे मागणीपत्र हवे असते. त्यामुळे विनंतीही त्याच पत्राची करा. पुढील मसुद्यात वार्षिक शुल्क दीड लाख रुपये धरले आहे. तीन वर्षांचे साडेचार लाख होतात, म्हणजे चार लाखांच्या वर, आणि चार लाखांपुढील कर्जात देशातील शिक्षणासाठी साधारणपणे पाच टक्के वाटा विद्यार्थ्याने उचलायचा असतो. तुमचे आकडे मंजुरीपत्रात पाहून घाला.

> विषय : शैक्षणिक कर्जातून द्वितीय वर्षाचे शुल्क थेट महाविद्यालयाच्या खात्यात जमा होण्याबाबत – (नाव), पीआरएन (क्रमांक)
>
> मा. प्राचार्य व लेखा विभाग यांस,
>
> मी (पूर्ण नाव), (शाखा), द्वितीय वर्ष, पीआरएन (क्रमांक), आपल्या महाविद्यालयात शिकत आहे. (बँक व शाखेचे नाव) यांनी (दिनांक) रोजीच्या मंजुरीपत्रान्वये मला शैक्षणिक कर्ज मंजूर केले असून, चालू वर्षाच्या १,५०,००० रुपये शुल्कापैकी १,४२,५०० रुपये बँक एनईएफटीद्वारे थेट महाविद्यालयाच्या खात्यात जमा करणार आहे. उर्वरित ७,५०० रुपये मी स्वतः भरेन.
>
> त्यासाठी वर्षनिहाय शुल्काचा तपशील, शुल्क भरण्याची अंतिम तारीख आणि महाविद्यालयाच्या खात्याचे नाव, खाते क्रमांक, बँकेची शाखा व आयएफएससी नमूद केलेले, सही व शिक्का असलेले मागणीपत्र, तसेच बोनाफाईड प्रमाणपत्र (दिनांक)पर्यंत मिळावे, ही विनंती. मंजुरीपत्राची प्रत सोबत जोडली आहे.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

वसतिगृहाचे पैसेही कर्जातून जाणार असतील तर त्यांचे मागणीपत्र वेगळे मागा, कारण पुष्कळ ठिकाणी वसतिगृहाचे खाते निराळे असते आणि एका खात्यात आलेली जास्तीची रक्कम दुसऱ्यात वळवायला आम्हाला महिना लागत असे. आधार क्रमांक किंवा कोरा धनादेश मेलला जोडू नका. शुल्काच्या नोंदीला त्यांची गरज नसते.

खरी अडचण पैसे पोहोचल्यानंतर येते. एका वर्षी आमच्या खाते उताऱ्यावर एक मोठी रक्कम दिसत होती. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेच्या शाखेचे नाव आणि शेऱ्यात फक्त ‘शैक्षणिक कर्ज’. कोणाचे, ते कळायला मार्ग नव्हता. त्या मुलीच्या नावापुढे थकबाकी तशीच राहिली, वर विलंब शुल्क चढले, आणि ती परीक्षेच्या अर्जासाठी खिडकीवर आली तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणून शाखेत पैसे पाठवण्याचा अर्ज भरताना शेऱ्याच्या रकान्यात तुमचे नाव आणि पीआरएन लिहायला सांगा, आणि त्याच दिवशी यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या. तो हाती आला की वरच्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी पाठवा :

> (दिनांक) रोजी १,४२,५०० रुपये आपल्या खात्यात पाठवले असून यूटीआर क्रमांक (क्रमांक) असा आहे. कृपया माझ्या नावे नोंद करून पावती द्यावी.

पावतीवर तुमचे नाव, पीआरएन आणि पूर्ण रक्कम आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या आणि तिची एक प्रत बँकेत नेऊन द्या. तिसऱ्या वर्षाची रक्कम सोडताना शाखा ही पावती आणि दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका मागू शकते.