शिफारस लिहिण्याआधी जॉब चार्ट समोर घ्या

पुरस्कारासाठी रुग्णालयाच्या औषध भांडारातल्या ताईंची शिफारस करणारा तुमचा मसुदा वाचला. ‘मेहनती, मनमिळाऊ, सदैव तत्पर’ हे सगळं खरं असेल, पण निवड समितीकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक अर्जात हेच असतं. आधी त्या ताईंचा जॉब चार्ट मिळवा. औषध भांडारात साठा नोंदवणं, इंडेंटप्रमाणे वॉर्डांना औषधं देणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. ते कितीही चोख असलं तरी शिफारशीत त्याला एक ओळ पुरे.

खरी गोष्ट तुम्ही शेवटी घाईत उरकली आहे. मुदत संपत आलेल्या औषधांची यादी त्या दर महिन्याला स्वतःहून काढतात आणि जिथे खप आहे त्या वॉर्डला कळवतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून इथेच खोलात जा. मागच्या वर्षी किती रकमेची औषधं बाद झाली आणि यंदा किती? आकडे नोंदवहीतून घ्या, अंदाजाने नको. खरेदीचा आकडाही शेजारी ठेवा, कारण खरेदीच घटली असेल तर बाद मालही आपोआप घटतो. समितीत लेखा विभागाचं कुणी असलं, तर हा प्रश्न आलाच म्हणून समजा!

मग वॉर्डच्या सिस्टरांना विचारा, ताई रजेवर असताना यादी आली का? आली असेल तर ती कुणी काढली, हे नावानिशी लिहा. त्याने ताईंचं श्रेय कमी होत नाही, उलट पद्धत रुजल्याचं दिसतं. पुरस्काराच्या वर्षाबाहेरचं काम मात्र काढून टाका.