खाते बंद केले, माहिती मात्र तिथेच

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपचे खाते मी दोन वर्षांपूर्वी बंद केले. तरी माझे नाव शोधले की फोटो आणि पळण्याचे मार्ग दिसतात, जाहिरातींचे ईमेलही येतात. मदत विभाग म्हणतो, ‘लॉग इन करून डिलीट करा.’ खातेच बंद आहे, तर लॉग इन कसे करू? आणि पत्रात नेमके काय लिहू?

उत्तर : तुम्ही खाते बंद केलेत, पण माहिती पुसण्याची मागणी अजून केलेली नाही. कायद्याच्या नजरेत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही युरोपीय संघात राहता, म्हणून तुम्हाला तिथला माहिती संरक्षणाचा कायदा, म्हणजे जीडीपीआर, लागू होतो. कंपनी संघाबाहेरची असली तरी ती तिथल्या लोकांना सेवा देत असेल, तर तिलाही तो पाळावा लागतो. (भारतातल्या वाचकांनी खालचे पत्र जसेच्या तसे उचलू नये. तिथे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम 12 आहे, आणि नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनुसार ते त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होते.)

एरवी मी अशिलांना आधी जीडीपीआरच्या कलम 15 खाली स्वतःच्या माहितीची प्रत मागायला सांगते, कारण सगळे पुसले गेल्यावर हातात पुरावा उरत नाही. तुमचे मार्ग मात्र जगाला दिसत आहेत आणि त्यांवरून घर कुठे आहे ते कळते. त्यामुळे प्रतीसाठी थांबू नका. त्या पानांचे स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि थेट पुसण्याची मागणी करा.

पत्राचा ठराविक नमुना नाही, ईमेल चालतो. तो मदत विभागाला नव्हे, गोपनीयता धोरणात दिलेल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा. ‘माझे सगळे डिलीट करा’ एवढेच लिहिले की ठरीव उत्तर येते. कलम 17 मधला कोणता आधार घेताय ते सांगितले, की टाळाटाळ अवघड जाते. तुमच्याकडे दोन आधार आहेत. हृदयाचे ठोके ही आरोग्याची माहिती आहे आणि अशी अ‍ॅप्स ती सहसा तुमच्या स्पष्ट संमतीवरच ठेवतात. ती संमती कधीही मागे घेता येते. जाहिरातींना हरकत घेतली, तर ती कंपनीला मान्य करावीच लागते. कंपनीला समजेल त्या भाषेत, साधारण असे लिहा :

> विषय : जीडीपीआर कलम 17 नुसार वैयक्तिक माहिती पुसण्याची मागणी
>
> माझे खाते या ईमेल पत्त्याने नोंदवले होते, वापरकर्तानाव …. माझी माहिती वापरण्यास दिलेली संमती, आरोग्यविषयक माहितीसह, मी मागे घेत आहे. जाहिरातीसाठी माझी माहिती वापरण्यास कलम 21(2) नुसार माझी हरकत आहे.
>
> प्रोफाइल, फोटो, स्थळ व मार्गांच्या नोंदी, हृदयाचे ठोके आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष पुसावेत. सध्या दिसणाऱ्या पानांच्या लिंक सोबत आहेत. ही माहिती ज्यांना दिली त्यांना कलम 19 नुसार कळवावे आणि ते कोण हे मला सांगावे.
>
> काही माहिती ठेवणार असाल, तर कोणती, कोणत्या कायदेशीर कारणाने आणि किती काळ, हे लिहावे. कलम 12(3) नुसार एका महिन्यात उत्तर अपेक्षित आहे.

शेवटून दुसरे वाक्य गाळू नका. पैसे भरून सदस्यत्व घेतले असेल, तर त्याची बिले कंपनीला कर कायद्यासाठी ठेवावी लागतात आणि ते रास्त आहे. पण बिलाच्या नावाखाली फोटो ठेवता येत नाहीत. पुन्हा जाहिरात जाऊ नये म्हणून ‘पाठवू नका’ यादीत तुमचा ईमेल पत्ता ठेवतील; त्यावर वाद घालू नये.

नोंदवलेल्या ईमेलवरूनच पत्र पाठवा. तरीही पासपोर्टची प्रत मागितली, तर ओळखीबद्दल नेमकी शंका काय, असे विचारा. रास्त शंका असेल तरच जादा माहिती मागता येते. माहिती पुसून घ्यायला निघालेल्याने आणखी एक कागद त्यांच्या हवाली का करावा? जुन्या बिलाचा क्रमांक किंवा खाते उघडल्याची तारीख सुचवून पाहा.

समजा, पत्र त्यांना 4 मार्चला मिळाले. मग 4 एप्रिलपर्यंत उत्तर यायला हवे. प्रकरण गुंतागुंतीचे असेल, तर त्यांना आणखी दोन महिने घेता येतात. पण तसे कारणासह पहिल्याच महिन्यात कळवावे लागते. उत्तर आले की लिंक उघडून पाहा. पान गेले तरी शोधयंत्रात जुना उतारा काही काळ दिसतो. तो काढण्याची विनंती शोधयंत्राकडे वेगळी करावी लागते.

महिना उलटूनही शांतता असेल, तर तुम्ही राहता त्या जर्मन राज्याच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करा. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पाठवलेला ईमेल, त्याची तारीख, लिंक आणि ‘लॉग इन करा’ हे उत्तर सोबत जोडा.