फळीवरच्या बाटल्यांमधून तीनच निवडताना

प्रश्न: बाथरूमच्या फळीचा फोटो टाकतेय, आता एक बाटली ठेवायलाही जागा नाही. सगळं नेमाने लावते, तरी कपाळावर बारीक पुरळ आहे, गाल लाल असतात आणि हल्ली साधं क्रीम लावलं तरी चुरचुरतं. वय २९, गरोदर नाही, कुठलं औषध चालू नाही. यातलं काय ठेवू, काय काढू आणि कशानंतर काय लावू?

उत्तर: फोटो मोठा करून बघितला. बाकी बाटल्यांकडे वळण्याआधी एका ट्यूबबद्दल विचारायचं आहे. मागच्या ओळीत टोनरच्या आड एक छोटी पांढरी ट्यूब आहे, खालून दुमडत आणलेली. तिच्यावर नावाची शेवटची अक्षरं तेवढी दिसतात, '...मेटासोन' अशी. ते मोमेटासोन असेल, तर ते स्टेरॉइड आहे, आणि ट्यूब इतकी दुमडलीय म्हणजे ती वापरात आहे. ती हातापायाच्या एखाद्या चट्ट्यासाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर प्रश्नच नाही. पण ती चेहऱ्यावर लावत असाल, कुणी 'डाग जातात' म्हणून सांगितलं असेल, तर पुढचं सगळं वाचायच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइड चेहऱ्यावर बरेच आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, लाल राहते, बारीक पुरळ येतं, आणि एकदम बंद केलं तर हे सगळं उसळून येतं. ते कसं सोडवायचं हे बघून ठरवायला लागतं, घरबसल्या सांगता येत नाही. बेटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही नावं कुठल्याही मिश्र क्रीमवर दिसली तरी हेच लागू.

ट्यूबचा चेहऱ्याशी संबंध नाही असं धरून पुढे लिहिते.

फळी आवरताना सगळे 'फेसवॉश, टोनर, सिरम, क्रीम' अशा जाती लावतात. त्यामुळे प्रत्येक बाटली वेगळी आणि गरजेची वाटते. त्याऐवजी प्रत्येक बाटली मागून वाचा आणि ती चेहऱ्यावर नेमकं काय करते ते बघा. घटकांच्या यादीत जास्त प्रमाणातली नावं आधी येतात, १ टक्क्याच्या खालची कुठल्याही क्रमाने छापलेली असतात. पण तुम्हाला प्रमाणापेक्षा सोलणारी नावं शोधायची आहेत. तुमच्या फोटोत ती अशी दिसतात: फेस येणाऱ्या फेसवॉशवर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, टोनरवर ग्लायकोलिक अ‍ॅसिड ७ टक्के, कवचाची भुकटी घातलेला स्क्रब, सोलून काढायचा मास्क आणि ड्रॉपरच्या बाटलीत रेटिनॉल. पाच वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या या पाच वस्तू. यातल्या चार थेट वरचा थर काढतात आणि रेटिनॉल आतून पेशींची उलाढाल वाढवतं. तुम्ही सगळं नेमाने लावत असाल, तर एकाच रात्री फेसवॉश, टोनर आणि रेटिनॉल मिळून त्वचा तीनदा सोलली जाते, आणि आठवड्यात कधीतरी त्यावर स्क्रबही फिरतो.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चुना भरावा तसे स्निग्ध पदार्थ असतात: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. हा थर पाणी आत राखतो आणि बाहेरचं बाहेर ठेवतो. रोज दोन-तीनदा तो झिजवला की सांधे उघडे पडतात. मग आतला ओलावा उडून जातो आणि एरवी निरुपद्रवी असलेलं क्रीमही आत शिरून मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतं. तुम्हाला साधं क्रीम चुरचुरतं ते बहुधा यामुळे, त्यात क्रीमचा दोष असेलच असं नाही. अशा त्वचेवर आणखी एक 'शांत करणारं' सिरम चढवलं तर तेही चुरचुरेल, म्हणून आत्ता नवीन काहीच विकत घेऊ नका.

आता काय ठेवायचं. फोटोत उजवीकडे पंपाची पारदर्शक बाटली आहे, सुगंधविरहित असं लिहिलेली. तो जेल क्लीन्झर ठेवा, फेसाचा फेसवॉश बाजूला करा. मॉइश्चरायझर दोन आहेत, रुंद तोंडाची डबी आणि पंपाचं लोशन. डबीवर सुगंधाचा उल्लेख मोठ्या अक्षरांत आहे आणि तिच्यात रोज बोटं जातात, म्हणून सेरामाइड लिहिलेलं लोशन घ्या. सनस्क्रीनही दोन आहेत. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेली, अतिनील 'ए' किरणांपासूनही संरक्षण देते असं छापलेली आणि मुदत न संपलेली जी असेल ती ठेवा. दोन्ही चालत असतील तर डोळ्यांना कमी झोंबते ती. ज्या सनस्क्रीनचं पाणी वेगळं झालंय किंवा दाणे धरलेत, ती तारीख शिल्लक असली तरी फेकून द्या. तिचा थर चेहऱ्यावर सारखा बसत नाही, म्हणजे संरक्षणही सारखं मिळत नाही.

बाकी सगळं एका खोक्यात भरून कपाटात ठेवा, फळीवर नको. समोर असलं की हात जातोच.

सकाळी नुसत्या कोमट पाण्याने चेहरा धुवा. रात्री सनस्क्रीन लावून झोपलेलं नसताना सकाळी पुन्हा क्लीन्झर लागत नाही, निदान गाल बरे होईपर्यंत तरी. चेहरा टॉवेलने टिपा, पुसू नका, आणि अजून थोडा ओलसर असतानाच लोशन लावा. ते मुरेपर्यंत थांबून मग सनस्क्रीन. इथे बहुतेकांचं प्रमाण चुकतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा, चेहरा आणि मान मिळून साधारण तेवढी लागते. वाटाण्याएवढी लावली तर बाटलीवरचा आकडा तुमच्या चेहऱ्याला मिळत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायची.

रात्री जेलचे एक-दोन पंप बोटांनी अर्धा मिनिट फिरवा. ब्रश, जाळी, घासणी काही नको. पाणी गरम नको. मग ओलसर चेहऱ्यावर लोशन. नाकाच्या कडेला किंवा गालावर कातडी सुटत असेल, तर तेवढ्याच जागी वरून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. कपाळावर ती लावू नका.

हे किती दिवस करायचं, तर कॅलेंडरपेक्षा चेहऱ्याचं ऐका. आधी लोशनचं चुरचुरणं थांबतं, मग धुतल्यावरची ओढल्यासारखी भावना जाते, लाली त्यानंतर उतरते. पुरळ सगळ्यात शेवटी. बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात चेहरा निस्तेज वाटेल, कारण सोललेल्या त्वचेची ती घट्ट चकाकी जाते. अनेकजण नेमके इथेच घाबरून टोनर परत काढतात. चार आठवड्यांनीही तेच लोशन तितकंच झोंबत असेल, तर त्यातल्या एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी किंवा रोझेशियासारखं काही असू शकतं. मग घटकांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

सलग आठवडाभर काही झोंबलं नाही की खोक्यातून एकच बाटली बाहेर काढायची, आणि तुमच्या बाबतीत मी रेटिनॉल निवडेन. कपाळावरचं बारीक पुरळ बंद रंध्रांचं असेल तर त्यावर ते काम करतं, आणि मागे राहिलेल्या डागांनाही मदत करतं. म्हणजे सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि ग्लायकोलिकचा टोनर ज्या कामासाठी आणले होते, ते एकट्याने होतं. आधी कानाच्या मागे किंवा दंडाच्या आतल्या बाजूला दोन-तीन रात्री थेंबभर लावून बघा. मग आठवड्यातून दोनच रात्री, सोमवार आणि गुरुवार म्हणा, धुतल्यानंतर चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लोशनचा पातळ थर, त्यावर वाटाण्याएवढं रेटिनॉल संपूर्ण चेहऱ्याला, आणि वरून पुन्हा लोशन. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. तीन आठवडे निभावलं तर एक रात्र वाढवा. फरक पडतोय की नाही हे ठरवायला १२ आठवडे द्या.

मधल्या काळात नवीन पुटकुळ्या आल्या तर त्या कुठे आल्या ते बघा. नेहमीच्याच जागी, कपाळावर, बारीक आणि लवकर बसणाऱ्या असतील तर चालू ठेवायला हरकत नाही. कधीच काही येत नसे तिथे, गालावर वगैरे, आग आणि लालीसकट आल्या तर ती चिडचिड आहे. रेटिनॉल बंद करून पुन्हा तीन वस्तूंवर या. मूल होऊ द्यायचा विचार सुरू झाला की रेटिनॉल त्याच दिवशी थांबवा, चाचणीची वाट बघू नका.

कपाळाबद्दल एक शंका राहते, फोटोवरून ती फिटत नाही. पुरळ सगळं एकाच आकाराचं आहे आणि खाजतं का? तसं असेल तर ते केसांच्या मुळांशी वाढणाऱ्या यीस्टमुळेही असतं. त्याला बुरशीविरोधी उपचार लागतात आणि रेटिनॉलची वाट बघण्यात वेळ जातो. केसांच्या कडेलगतच जास्त असेल तर कंडिशनर धुताना मान मागे टाका आणि चेहरा सगळ्यात शेवटी धुवा. महिनाभरात फरक कळतो.

खोक्यातल्या उरलेल्यांपैकी व्हिटॅमिन सीचं सिरम फेकून द्या. फोटोत ते चहासारखं तपकिरी दिसतंय, म्हणजे हवेने त्याचं ऑक्सिडेशन झालंय, आता त्यातून काही मिळणार नाही. स्क्रब आणि सोलायचा मास्कही काढा, रेटिनॉलबरोबर त्यांना जागाच नाही. नायसिनामाइड १० टक्के वाईट नाही, पण आधी लोशनची मागची यादी वाचा. सेरामाइडच्या लोशनमध्ये ते बऱ्याचदा असतंच, आणि १० टक्क्यांनी काहींचे गाल लाल होतात. रेटिनॉल स्थिरावल्यावरही डाग खुपत असतील तरच सकाळी लोशनच्या आधी आणा, तेही एकटं. बाटल्या ठेवताना उघड्या डबीचं छोटं चित्र शोधा. त्यात १२ आणि एम असं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने बुडाशी लिहून टाका. रेटिनॉलची बाटली बाथरूममध्ये परत नेऊ नका, वाफ आणि उष्णतेने ती लवकर खराब होते. तिला खोलीतल्या बंद ड्रॉवरमध्ये ठेवा.