२०० झाडं सांगितली, अ‍ॅडाबूस्टने बनवलं एकच

प्रश्न: बॅगिंगमध्ये पूर्ण वाढलेली झाडं, म्हणजे डिसिजन ट्री, चांगली चालली. तेच झाड अ‍ॅडाबूस्टला दिलं, २०० फेऱ्या सांगितल्या, तरी निकाल एकाच झाडाएवढा. असं का?

उत्तर: आधी हे चालवून बघा:

```python
len(model.estimators_)
```

बहुतेक १ येईल. पूर्ण वाढलेलं झाड ट्रेनिंगमधलं सगळं बरोबर सांगतं. अ‍ॅडाबूस्ट दर फेरीत आधीच्या झाडाने चुकवलेल्या नमुन्यांचं वजन वाढवून पुढचं झाड बनवतं. चुकलंच काही नाही तर वजन कुणाचं वाढवायचं? `scikit-learn` तिथेच थांबतं. बूस्टिंगला चुकणारा शिष्य लागतो, उदाहरणार्थ `max_depth=1` चं झाड, ज्याला आपण स्टंप म्हणतो.

कागदावर करून बघा. एका रेषेवर १ ते १० बिंदू. ४ ते ७ निळे, बाकी लाल. प्रत्येकाचं वजन ०.१. पहिला स्टंप म्हणतो, ७ पर्यंत निळे, पुढे लाल. १, २, ३ चुकले, चूक ०.३. त्याच्या मताची किंमत ½ ln(०.७/०.३), म्हणजे ०.४२. आता चुकलेल्यांची वजनं वाढवून बेरीज परत १ केली, की त्या तिघांकडे मिळून बरोबर निम्मं वजन येतं. गंमत इथेच आहे: नव्या वजनांवर तोच स्टंप नाणेफेकीइतका निरुपयोगी ठरतो, म्हणून पुढच्याला दुसरीकडे बघावंच लागतं.

दुसरा म्हणतो, ३ पर्यंत लाल, पुढे निळे. ८, ९, १० चुकतात, चूक ०.२१, किंमत ०.६५. तिसरा सरसकट सगळ्यांना लाल म्हणतो. ऐकायला वेडगळ, पण ४ ते ७ चं वजन एव्हाना इतकं घटलंय की त्याची चूक ०.१८च भरते, किंमत ०.७५. आता मतं मोजा. ४ ते ७ ला निळ्याच्या बाजूने ०.४२ + ०.६५, लालच्या बाजूने ०.७५. निळा जिंकतो. उरलेले सहाही बरोबर येतात. एका रेघेने कधीच न जमणारं काम तिघांनी केलं. साधेपणामुळे होणारी चूक, म्हणजे बायस, कमी होणं म्हणतात ते हेच.

बॅगिंगमध्ये आधीचं झाड कुठे चुकलं हे पुढच्याला कुणी सांगत नाही. प्रत्येक झाड आपापल्या बूटस्ट्रॅप नमुन्यावर, म्हणजे मूळ डेटातून परत ठेवत उचललेल्या नोंदींवर, वाढतं आणि शेवटी मतं एकत्र होतात. त्यामुळे झाडागणिक होणारी चलबिचल, म्हणजे व्हेरियन्स, घटते. सगळ्यांची एकाच दिशेची चूक, म्हणजे बायस, मात्र जवळपास तशीच राहते. म्हणून तिथे खोल झाडं शोभतात: बायस मुळातच कमी, व्हेरियन्स भरपूर. झाडं एकमेकांसारखी असतील तर व्हेरियन्सही फारसा घटत नाही, म्हणून रँडम फॉरेस्ट प्रत्येक फाट्यावर मोजकीच फीचर, तीही चिठ्ठ्या टाकून, देतं.

स्टंप लावल्यावर एक सांभाळा. लेबल चुकीची असतील तर अ‍ॅडाबूस्ट त्यांच्यामागे हात धुऊन लागतं, कारण ती पुन्हा पुन्हा चुकतात आणि त्यांचं वजन फुगत जातं. व्हॅलिडेशनची चूक वर चढू लागली, तर सर्वांत जड वीसेक नमुने काढून डोळ्यांनी तपासा. माझ्या एका कामात त्यातले निम्म्याहून जास्त लेबल लावतानाच चुकले होते.