सोयाबीन ठेवू की कपाशीकडे वळू?

प्रश्न : खटाव तालुक्यात माझी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. दोन एकर काळी, एक एकर मुरमाड. दोन वर्षं सोयाबीन चार हजाराच्या आसपास विकलं, हातात काही राहिलं नाही. दाजी परभणीकडं कापूस करतात, ते म्हणतात क्विंटलला सात हजार सुटतात. बँकेत साठ हजार आहेत. यंदा कापूस टाकू का?

उत्तर : दादा, मुरमाड एकर आधी बाजूला काढू. तिथं ओल टिकत नाही, त्यामुळं दोन्हींपैकी कुठलंच पीक तिथं पैसे देणार नाही. बाजरी किंवा मटकी करा आणि कमीत कमी खर्चात ठेवा. हिशोब दोन एकरांचाच करायचा.

खालचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावच्या मजुरीनुसार दुरुस्त करून घ्या. सोयाबीनला एकरी बियाणं 3,000, मशागत-पेरणी 4,000, खत 2,500, तणनाशक आणि फवारणी 3,000, कापणी-मळणी 6,500, असे 19,000 रुपये जातात. सात क्विंटल उतारा आणि 4,300 भाव धरला तर 30,100 येतात. शिल्लक अकरा हजार.

कपाशीला बीटी बियाण्याची दोन पाकिटं 1,800, मशागत-लावण 4,000, खत 4,500, भांगलण 5,000, फवारण्या 6,000 आणि किलोला दहा रुपयांनी सहा क्विंटलची वेचणी 6,000, म्हणजे 27,300. सात हजारांनी 42,000 आले तर शिल्लक 14,700. एवढंच बघितलं तर दाजींचं खरं आहे.

पण हे सात हजार खटावात कोण देणार? सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी केंद्रं आणि जिनिंग मुख्यतः विदर्भ, मराठवाडा, खानदेशात आहेत. दाजींच्या दाराशी ती बाजारपेठ आहे, तुमच्या नाही. माल तिकडं न्यायचा तर भाडं तुमचं, नाहीतर गावात येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. क्विंटलमागं सहाशे रुपये जरी तुटले तरी 3,600 गेले, आणि कपाशीची आघाडी तिथंच संपते.

दुसरं, जमीन किती दिवस अडकते ते बघा. कपाशी जूनपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानात उभी. सोयाबीन वेळेवर पेरलं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला रान मोकळं होतं आणि शाळूची घात साधते. चार क्विंटल ज्वारी आणि कडबा धरून, खर्च वजा जाता एकरी सात-आठ हजार मिळायला हरकत नाही. जनावरं असतील तर कडब्याची किंमत तुम्हीच जास्त जाणता. एकटं सोयाबीन कपाशीपुढं हरतं, सोयाबीन-शाळूची जोडी हरत नाही.

आता वाईट वर्ष. पाऊस दगा देऊन उतारा निम्म्यावर आला तर सोयाबीनला तीन-चार हजारांचा फटका, कपाशीलाही तेवढाच. फरक आहे तो पीक हाती येण्याआधी गुंतलेल्या पैशात. कापणीआधी सोयाबीनमध्ये दोन एकराला 25,000 जातात, कपाशीत पहिल्या वेचणीआधीच 42,600. साठ हजारातून हे गेल्यावर घरखर्चाला उरतं काय? शिवाय कपाशीवर गुलाबी बोंडअळी हंगामाच्या शेवटाकडं वाढते, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर. उमलून न पडता मिटून राहिलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसायला लागल्या की समजा ती आत शिरली आहे.

म्हणून यंदा सोयाबीनच करा, पण गेल्या दोन वर्षांसारखं नको. कृष्णाकाठी तांबेऱ्याचा त्रास नेहमीचा, त्याला बऱ्यापैकी तोंड देणारं फुले संगम हे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं वाण घ्या. सोयाबीन सरळ वाण असल्यानं पुढच्या वर्षी त्याचंच घरचं बी चालतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर उगवले तर बियाण्याचे तीन हजार वाचलेच. कपाशीचं संकरित बी मात्र दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

विकताना घाई करू नका. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5,328 आहे, पण सरकारी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. मळणी झाली की ताडपत्रीवर उन्हात वाळवा आणि त्याआधीच नोंदणी उरकून ठेवा. सात क्विंटलमागं भावातला फरक सात हजारांचा आहे, तो कपाशीच्या सगळ्या आघाडीपेक्षा जास्त आहे. पीक कर्ज सोसायटीचं घ्या आणि मुदतीत फेडा, व्याजाची सवलत त्यावरच मिळते. दुकानदाराकडून उधारीवर खत-औषध घेतलं तर माल त्यालाच, तो सांगेल त्या भावानं घालावा लागतो, हे तर तुम्ही बघितलंच असेल.

एकच अट : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नका, आणि जुलैचा मध्य ओलांडला तर सोयाबीनचा नाद सोडा. उशिराचं सोयाबीन शाळूची घातही घालवतं. तेव्हा रान मोकळं ठेवून ओल धरा आणि सप्टेंबरात थेट शाळू पेरा.