लिंकची शेवटची ओळ आधी लिहा

प्रश्न: आमच्या गावातल्या रेडिओवर आरजे म्हणून माझी निवड झाली आहे. दोन गाण्यांच्या मध्ये 20-25 सेकंद बोलायचं असतं. माझं बोलणं एकतर लांबतं, नाहीतर सगळे बोलतात तेच होतं. छोटी पण ताजी लिंक लिहायची कशी?

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या एफएमवर संध्याकाळी पाच ते आठचा शो सहा वर्षं केला. पहिल्या वर्षातल्या माझ्या लिंक्स आज मलाच ऐकवत नाहीत. लांबण लागणं आणि तेच ते बोलणं हे दोन वेगळे आजार वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. थांबायचं कुठे हे ठरायच्या आधीच आपण बोलायला लागतो. मग थांबा सापडेपर्यंत चहा, भजी, ट्रॅफिक, 'कसे आहात मंडळी' असं हाताला लागेल ते येत राहतं.

म्हणून मी लिंक शेवटून लिहितो. पुढचं गाणं हेडफोनवर लावायचं, पहिले पंधरा-वीस सेकंद ऐकायचे आणि एकच गोष्ट बघायची: गाण्यात पहिला शब्द कोणता येतो आणि तो कोण कोणाला म्हणतंय? माझी शेवटची ओळ त्या शब्दाला लागून आली पाहिजे. ती ओळ कागदावर सगळ्यात खाली लिहायची आणि मग तिथपर्यंत पोचायला कमीत कमी किती वाक्यं लागतात ते बघायचं. बहुतेक वेळा दोन पुरतात.

एक लिंक पूर्ण उलगडून सांगतो. वेळ संध्याकाळी 7:35. आधीचं गाणं वरातीत वाजतं तसलं, ढोल-ताशाचं. पुढचं गाणं 'जिव्हाळा' (1968) चित्रपटातलं 'या चिमण्यांनो परत फिरा रे'. गीत ग. दि. माडगूळकर, संगीत श्रीनिवास खळे, आवाज लता मंगेशकरांचा. माझा पहिला खर्डा असा होता:

'संध्याकाळ झालीये मंडळी, ऑफिसमधून निघाला असाल, ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. पाऊसही छान पडतोय, गरमागरम चहा झालाच पाहिजे, हो ना? संध्याकाळ म्हटलं की घराची ओढ लागते, पक्षीसुद्धा घरट्याकडे परततात. अशाच घराच्या ओढीचं एक अतिशय सुंदर गाणं, लतादीदींच्या गोड आवाजात.'

यात चूक म्हणावी असं एकही वाक्य नाही, पण लिंक मेलेली आहे. ट्रॅफिक, पाऊस, चहा आणि पक्षी असे चार विषय आहेत आणि एकाचंही पुढे काही होत नाही. त्याहून वाईट म्हणजे गाणं जे सांगणार आहे ते मीच आधी सांगून टाकलंय. माडगूळकरांनी चिमण्या आणल्या असताना मी त्यांच्या आधी पक्षी उडवायची गरज काय? 'सुंदर' आणि 'गोड' हे शब्द तर पुढच्या तीन मिनिटांत ऐकणारा स्वतःच ठरवणार असतो.

मग मी शेवटाकडे गेलो. गाणं सुरू होतं हाकेने. आई घरी बोलावतेय. म्हणजे माझ्या शेवटच्या ओळीने ऐकणाऱ्याला घराबाहेर, अजून न निघालेला असा पकडला पाहिजे. 'निघा आता' हे दोन शब्द मिळाले. आता प्रश्न उरला की हा माणूस अजून निघाला का नाही. मला आमच्याच ऑफिसातलं दृश्य आठवलं. घरी 'निघालो' असा मेसेज टाकायचा आणि त्यानंतर वीस मिनिटं खुर्चीतच बसून राहायचं. हे सगळेच करतात आणि कोणी बोलत नाही. लिंकला असंच काहीतरी लागतं. खर्डा असा झाला:

'सात पस्तीस. घरी 'निघालो' असा मेसेज टाकून वीस मिनिटं झाली असतील, आणि तुम्ही अजून खुर्चीवरच असाल. तिकडे आईने मात्र तो वाचून कुकरही लावलाय. लता मंगेशकर, ग. दि. माडगूळकर, श्रीनिवास खळे. निघा आता.'

आमच्या प्रोड्युसर मॅडमनी ते वाचलं आणि 'निघालो'वर गोल केला. 'ऐकणाऱ्यांत अर्ध्या बायका आहेत, त्या निघाले म्हणतात.' मराठीत ही पंचाईत कायम असते, कारण क्रियापद लिंग उघड करतं. 'निघालो किंवा निघाले' असं म्हटलं तर सरकारी अर्जासारखं वाटतं. शेवटी 'ऑन द वे' लिहिलं. लोक टाइपही तेच करतात, आणि तो खोटेपणा इंग्रजीत जास्त खुलतो. 'तू' की 'तुम्ही' या वादातही मी याच कारणासाठी 'तुम्ही'कडे असतो. 'तू' म्हटलं की 'गेलास की गेलीस' आडवं येतं. 'मंडळी' आणि 'मित्रांनो' मात्र मी सोडून दिलं. ऐकणारा एकटा असतो, स्कूटरवर, स्वयंपाकघरात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर. त्याला सभेत बसवलं की तो आपल्याशी कोणी बोलतंय हे विसरतो.

नावं शेवटच्या ओळीच्या आधी का घेतली, तेही बघा. 'निघा आता' नंतर 'गीत ग. दि. माडगूळकर' आलं असतं तर हाक आणि हाकेचं उत्तर यांच्यामध्ये फायलीतला कागद फडफडला असता. पण नावं गाळायचीही नाहीत. आकाशवाणीच्या निवेदकांनी गीतकार-संगीतकारांची नावं सांगण्याची जी सवय लावली, ती मला आजही आरजेच्या दहा विनोदांपेक्षा मोलाची वाटते. फक्त त्यांना विशेषणं जोडू नका.

आता मोजमाप. मी मिनिटाला साधारण 120 ते 130 शब्द बोलतो, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. वरची लिंक 35 शब्दांच्या आत आहे, म्हणजे श्वासासकट सतरा-अठरा सेकंद. तुमचा वेग तुम्हीच मोजा: एखादा परिच्छेद घ्या, मोबाईलवर वेळ लावा आणि मोठ्याने वाचा. मनात वाचून मोजलेली वेळ नेहमी कमी भरते. मी अनेकदा पंधरा सेकंदांची समजून लिहिलेली लिंक बोलताना पंचवीसला गेली आहे.

गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलायचं असेल तर गायकाचा आवाज कितव्या सेकंदाला येतो ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि त्याच्या एक सेकंद आधी तोंड बंद. गायकाच्या शब्दावर चढलेला आरजे सगळ्यांना लगेच कळतो, त्याला स्वतःला सोडून. यासाठी मी मधलं एक वाक्य सुटं ठेवतो, जे वेळ कमी पडली तर गाळलं तरी अर्थ तुटत नाही. वरच्या लिंकमध्ये कुकरचं वाक्य तसं आहे. मला ते आवडतं, पण ते गेलं तरी 'खुर्चीवरच असाल' वरून नावं घेऊन 'निघा आता' वर येता येतं. शेवटची ओळ मात्र कधीच गाळायची नाही. ती कापली गेली तर त्या आधीच्या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.

या गाण्यावर मी सुरुवातीच्या संगीतात बोललो नाही. लिंक कोरडी, म्हणजे खाली काहीही न वाजवता बोललो. ढोल-ताशा थांबल्यावर अर्धा सेकंद शांतता ठेवली, 'सात पस्तीस' नेहमीच्या आवाजात म्हटलं आणि शेवटचे दोन शब्द हळू. गाणं हळवं आहे. 'निघा आता' हसत हसत म्हटलं असतं तर लताबाईंच्या पहिल्या सुराला माझं हसू चिकटलं असतं. दोन गाण्यांचा मूड इतका लांबचा असेल तेव्हा लिंकचं खरं काम हेच असतं. विनोद पहिल्या वाक्यात संपवायचा आणि आवाज पुढच्या गाण्याच्या उंचीला आणून ठेवायचा.

आता ताजा विचार आणायचा कुठून? विषयांची यादी करू नका. माझ्या वहीत 'पाऊस' असं लिहिलेलं नसायचं. 'छत्री उघडण्याइतका आहे का नाही, हे ठरेपर्यंत भिजलेली माणसं' असं असायचं. वाक्यात उतरलेलं निरीक्षणच लिंक होतं. दिनविशेष आणि इंटरनेटवरची 'तुम्हाला माहीत आहे का' छाप माहिती मी टाळतो, कारण त्याच सकाळी तीच माहिती बाकीच्या आरजेंनीही वाचलेली असते. विचार एकच आहे की दोन, याची माझी चाचणी साधी आहे. कँटीनमध्ये कोणाला तरी लिंक एका वाक्यात सांगायची. मध्ये 'आणि शिवाय' आलं तर एक विचार उद्यासाठी वहीत.

एक धोका सांगून ठेवतो. आमच्या स्टुडिओला खिडकी नव्हती. एकदा चार वाजता लिहिलेली 'बाहेर कसला कोसळतोय' ही लिंक मी साडेसहाला उत्साहात वाचली आणि गाणं संपायच्या आत एका काकांचा फोन आला, 'अहो, तुम्ही कुठल्या गावात बसलाय? इथे कडक ऊन पडलंय.' तेव्हापासून हवा, रस्ता, सामना यांवरच्या लिंक्स बोलायच्या आधी मी दार उघडून बाहेर जाऊन यायचो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण हवामान, वाहतूक, पाणी बंद असण्याची सूचना हे चालतं, आणि नेमकं हेच शिळं झालेलं लोकांना ताबडतोब कळतं.

प्रत्येक दोन गाण्यांमध्ये बोलायलाच हवं असंही नाही. आमच्याकडे तासाला पाच-सहा बोलण्याच्या जागा असायच्या, बाकी नुसती जिंगल. शेवटची ओळ सापडलीच नाही तर मी वेळ आणि नावं सांगून गाणं सोडायचो, सहा सेकंदांत. त्या सहा सेकंदांबद्दल मला कोणी कधी बोललं नाही.

आणि रोजचा शो रेकॉर्ड करून घ्या. दुसऱ्या दिवशी गाणी कापून फक्त स्वतःचं बोलणं सलग ऐका. माझ्या पहिल्या एअरचेकमध्ये तीन तासांत 'तर मग' एकोणीस वेळा होतं. मी मोजायला बसलो नव्हतो, प्रोड्युसर मॅडमनी शेजारी बसून कागदावर उभ्या रेघा मारल्या होत्या.